फॅट पडले, दूध मात्र तेवढेच : कोटीपोटातील बिघाड गोठ्यातच कसा शोधावा

माझ्या गोठ्यात नऊ संकरित होल्स्टीन गाई आहेत आणि गेली बारा वर्षे मी संगमनेर तालुक्यातील आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ नमुने तपासतो. या काळात सर्वांत जास्त वेळा माझ्यापुढे आलेली तक्रार एकच आहे. गाय तेवढेच दूध देते, खुराकही भरपूर खाते, पण फॅट ३.६ वरून हळूहळू ३.० च्या खाली येते. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरत असल्यामुळे त्याखालच्या प्रत्येक पॉइंटला पैसे कापले जातात, आणि मग शेतकरी सगळ्यात आधी यंत्रावर शंका घेतो, नंतर खुराकाची कंपनी बदलतो आणि शेवटी खुराक आणखी वाढवतो. हा शेवटचा उपाय दुखणे वाढवतो. गोठ्यांवर जाऊन पाहिल्यावर बहुतेक वेळा मूळ एकच सापडले आहे, ते म्हणजे वैरणीच्या मानाने खुराक जास्त झाल्यामुळे कोटीपोटात वाढलेले आम्ल.

लक्षणे

पहिले लक्षण दुधाच्या पावतीवरच दिसते. फॅट कमी होते, पण एसएनएफ जवळपास जागेवर राहते. फॅट आणि एसएनएफ दोन्ही एकदम उतरले असतील, तर दुधात पाणी जाणे किंवा गाईला एकूणच कमी खायला मिळणे ही कारणे आधी तपासावीत, कारण त्या बिघाडाची वाट वेगळी आहे.

दुसरे लक्षण खाण्यातील चढउताराचे आहे. गाय आज खुराक चाटून पुसून खाते, उद्या अर्धा सोडते आणि परवा पुन्हा ताव मारते. शेण पातळ आणि पिवळसर होते, त्यात बुडबुडे दिसतात आणि मक्याचे दाणे सापडतात. गोठ्यात नेहमी दिसणारे रवंथाचे दृश्य कमी होते. हेच काही महिने चालत राहिले, तर गाई पाय जपून टाकू लागतात आणि खुरांच्या तक्रारी एकामागून एक सुरू होतात. लंगडणे आणि फॅट यांचा काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही, पण अनेक गोठ्यांत ही दोन्ही एकाच दुखण्याची टोके असतात.

पहिली तपासणी : नमुना खरा आहे का

यासाठी काहीच खर्च येत नाही, म्हणून सुरुवात येथून करावी. एकाच गाईचा स्वतंत्र नमुना सकाळी आणि संध्याकाळी, सलग तीन दिवस घ्यावा आणि घेण्यापूर्वी बादलीतील दूध नीट ढवळावे. धारेच्या सुरुवातीच्या दुधात फॅट कमी आणि शेवटच्या दुधात सर्वांत जास्त असते. त्यामुळे घाईत शेवटचे दूध सडात राहिले, तर कोटीपोट ठणठणीत असलेल्या गाईचेही फॅट कमी दिसते. यंत्राने धार काढणाऱ्यांकडे हे वारंवार घडते. शेवटचे दूध पूर्ण काढूनही तिन्ही दिवस फॅट कमीच राहिले, तर पुढे जावे.

एकाच गाईचे फॅट कमी आहे की साऱ्या गोठ्याचे, हेही याच वेळी कळते. एकच गाय असेल, तर तिच्या सडांचा किंवा तब्येतीचा प्रश्न असू शकतो. चार-पाच गाई एकाच सुमारास उतरल्या असतील, तर कारण गव्हाणीत आहे.

दुसरी तपासणी : दुपारी गोठ्यात बसून मोजणे

खाणे आटोपून गाई निवांत बसल्या असतील, अशा वेळी गोठ्यात जावे आणि काहीही न करता मोजावे. विसावलेल्या दहा गाईंपैकी किमान पाच-सहा गाई रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. त्यानंतर एका गाईवर नजर ठेवावी. घास वर आला की ती तो चघळू लागते आणि गिळून क्षणभर थांबते. एका घासाला तिने किती वेळा जबडा हलवला ते मोजावे. निरोगी गाय एक घास साधारण ५० ते ७० वेळा चघळते. ही संख्या वारंवार चाळिशीच्या खाली येत असेल, तर तिच्या पोटात चघळण्याजोगी वैरण पुरेशी गेलेली नाही.

हे मोजणे इतके महत्त्वाचे का आहे, ते सविस्तर सांगतो, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे. गाय वैरण स्वतः पचवत नाही. कोटीपोटात राहणारे असंख्य सूक्ष्मजीव ती आंबवतात आणि त्यातून आम्ले तयार होतात. गाय जगते आणि दूध देते ती मुख्यतः याच आम्लांवर. पण ती साचून राहिली आणि कोटीपोटाचा सामू ६ च्या खाली रेंगाळू लागला, तर तंतू पचवणारे जीवाणू मंदावतात. आम्लावर उतारा म्हणून गाईकडे स्वतःचा सोडा असतो, तो म्हणजे तिची लाळ. मोठी दुभती गाय दिवसाला १०० लिटरहून अधिक लाळ तयार करते आणि त्या लाळेत सोड्याचाच घटक असतो. ही लाळ सुटते ती चघळताना. कडब्यासारख्या लांब, खरखरीत वैरणीला गाय पुन्हा पुन्हा चघळते, दिवसाचे सात ते नऊ तास रवंथ करते आणि कोटीपोट सावरलेले राहते. पेंड व भरडा मात्र ती काही मिनिटांत गिळते. त्यातून आम्ल झपाट्याने तयार होते आणि लाळ सुटत नाही. खुराकात आम्ल जास्त आणि उतारा कमी, असा हा दुहेरी फटका आहे.

दूध टिकूनही फॅट का पडते, याचेही उत्तर येथेच आहे. तंतुमय वैरणीपासून ॲसिटिक आम्ल जास्त बनते आणि कासेत दुधाची चरबी तयार होण्यासाठी तेच लागते. खुराकातील पिष्टापासून प्रोपिओनिक आम्ल जास्त बनते, त्याची यकृतात साखर होते आणि तिच्यापासून दुधातील साखर बनते. दुधाचे पाणी या साखरेच्या मागोमाग येते, म्हणून खुराक वाढवला की लिटर टिकतात किंवा वाढतातही, पण चरबीचा कच्चा माल आटतो. शिवाय आम्लधर्मी कोटीपोटात पेंडीतील तेलाचे रूपांतर अर्धवट होते आणि त्यातून तयार होणारे काही स्निग्ध घटक कासेतील चरबीनिर्मितीच दाबतात. म्हणून फॅट वाढवण्यासाठी सरकी पेंड किंवा तेल वाढवण्याचा सल्ला अशा वेळी बहुधा उलटा पडतो.

तिसरी तपासणी : शेण धुऊन पाहणे

स्वयंपाकघरातील जुनी चाळणी यासाठी पुरते. मूठभर ताजे शेण चाळणीत घेऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत बारीक धारेखाली धुवावे आणि मागे काय उरते ते पाहावे. बारीक, एकसारखा चोथा उरला, तर पचन ठीक आहे. एक सेंटीमीटरपेक्षा लांब कडब्याचे तुकडे बरेच उरले असतील, तर तंतू पचवणारे जीवाणू कमी पडत आहेत किंवा अन्न कोटीपोटातून फार वेगाने पुढे सरकत आहे. मक्याचे फुटलेले दाणे आणि भरड्याचे कण उरले असतील, तर तुम्ही विकत घेतलेला खुराक शेणातून बाहेर पडत आहे. शेणातील बुडबुड्यांचा अर्थही हाच, की वर न पचलेले पिष्ट खाली मोठ्या आतड्यात जाऊन आंबत आहे. चाळणीत जेलीसारखे चिकट पापुद्रे सापडले, तर आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा झाली आहे, असे समजून लगेच पशुवैद्यकाशी बोलावे.

एकाच गाईच्या शेणावर विसंबू नये. किमान चार गाईंचे शेण पाहावे. एकाच खुराकावरील गाईंचे शेण एकमेकींपासून फार वेगळे दिसत असेल, तर काही गाई पेंड वेचून खातात आणि काहींच्या वाट्याला फक्त वैरण येते, असा निष्कर्ष निघतो.

चौथी तपासणी : वजनकाटा

येथपर्यंत खिशातून काही गेलेले नाही. आता लटकवण्याचा एक साधा वजनकाटा लागतो आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक गोठ्यांचा प्रश्न याच पायरीवर उलगडतो. आपल्याकडे खुराक घमेल्याने आणि कडबा पेंढीने मोजला जातो. घमेल्यात गोळी पेंड आणि मक्याचा भरडा यांचे वजन सारखे भरत नाही, आणि पेंढी तर कापणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. त्यातही मोठी चूक म्हणजे ओल्या चाऱ्याचे वजन पाहून समाधान मानणे. हिरव्या मक्यात शंभर किलोमागे जेमतेम २० ते २५ किलो शुष्क पदार्थ असतो, बाकी पाणी. कडबा आणि पेंड यांत तो सुमारे ९० किलो असतो. तुलना करायची ती नेहमी शुष्क पदार्थाची.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी शेजारच्या वस्तीवरील एका गोठ्याचे मोजमाप मी केले, ते जसेच्या तसे देतो. दुसऱ्या वेताची, साधारण ४५० किलो वजनाची गाय, व्यायल्याला दीड महिना झालेला, दूध १८ लिटर. तीन आठवड्यांत फॅट ३.७ वरून २.९ वर आले होते.

“तात्या, कडबा किती घालता?” असे विचारल्यावर “भरपूर असतो, गव्हाण कधी रिकामी नसते,” असे उत्तर मिळाले. काट्यावर घातल्यावर तो भरपूर कडबा १ किलो भरला. गव्हाणीत दिसत होती ती खाऊन उरलेली जाड ताटे होती, जी गाय खात नव्हती. हिरवा मका १५ किलो होता. गोळी पेंड ७ किलो आणि मक्याचा भरडा २ किलो, असा ९ किलो खुराक दोन धारांच्या वेळी निम्मा-निम्मा दिला जात होता.

आता शुष्क पदार्थाचा हिशेब पाहा. हिरव्या मक्यातून ३.३ किलो आणि कडब्यातून ०.९ किलो, म्हणजे वैरणीचे एकूण ४.२ किलो. खुराकातून ८.१ किलो. एकूण १२.३ किलोंत वैरणीचा वाटा ३४ टक्के आणि खुराकाचा ६६ टक्के. हे प्रमाण बरोबर उलटे हवे. सर्वसाधारण दुभत्या गाईला शुष्क पदार्थाच्या ६० टक्के वैरण आणि ४० टक्के खुराक मानवतो. जास्त दूध देणाऱ्या गाईसाठी निम्म्या-निम्म्यापर्यंत जाता येते, पण त्यापुढे जाणे मी धोक्याचे मानतो.

तात्यांनी मनाने काही केले नव्हते. शरीरासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, हा प्रचलित हिशेब त्यांनी धरला होता आणि १८ लिटरला तो ८.७ किलो येतो. पण गाय पोटभर वैरण खाते, हे त्या हिशेबात गृहीत असते आणि येथे नेमके तेच घडत नव्हते.

बदल असा केला. भरडा बंद केला आणि गोळी पेंड साडेसात किलो केली. ती चार वेळा विभागून द्यायला सांगितली, जेणेकरून एका वेळी दोन किलोंच्या आत राहील. हिरवा मका २० किलो केला आणि कडबा कुट्टी करून ४ किलो. आता वैरणीतून ८ किलो आणि खुराकातून ६.७५ किलो शुष्क पदार्थ जाऊ लागला, म्हणजे ५४ आणि ४६ टक्के. एकूण खाणेही १२.३ वरून पावणेपंधरा किलोंवर गेले. हे सगळे एका दिवसात न करता आठवडाभरात केले, कारण नवीन खाण्याशी जुळवून घ्यायला कोटीपोटातील जीवाणूंना दोन-तीन आठवडे लागतात.

पहिल्या आठवड्यात दूध एक लिटरने उतरले आणि तात्यांनी मला दोनदा फोन केला. बहुतेक लोक याच टप्प्यावर घाबरून पुन्हा भरडा सुरू करतात. दहाव्या दिवशी फॅट ३.३ आले आणि तीन आठवड्यांनी दूध साडेसतरा लिटर व फॅट ३.६ असे स्थिरावले. आधी दिवसाला सुमारे ५२० ग्रॅम चरबी मिळत होती, ती ६३० ग्रॅम झाली आणि रोजचा दीड किलो खुराक वाचला.

मुरघास घालणाऱ्यांनी हिशेब करताना एक काळजी घ्यावी. दाणे भरलेल्या मक्याचा मुरघास पूर्णपणे वैरण म्हणून धरू नये, कारण त्यातील दाण्यांचे पिष्ट खुराकासारखेच वागते. केवळ मुरघास आणि पेंड यांवर असलेल्या गाईंना दोन-तीन किलो तरी कडबा किंवा कोरडे गवत द्यावेच.

पाचवी तपासणी : कुट्टी आणि क्रम

प्रमाण बरोबर असूनही फॅट येत नसेल, तर कडबाकुट्टी यंत्राची पाती आणि लांबी पाहावी. कुट्टी दोन-तीन सेंटीमीटरची असावी. ती भुशासारखी बारीक झाली, तर कागदावरचे तंतू तेवढेच राहतात, पण गाईला चघळण्याचे कारण उरत नाही आणि ती सरळ पुढे सरकते. उलट चार बोटांपेक्षा लांब तुकडे असतील, तर गाय नाकाने ते बाजूला सारून खालची पेंड वेचते. गव्हाणीत संध्याकाळी काय उरले आहे, ते पाहिले की हे लगेच कळते.

रात्रभर उपाशी असलेल्या गाईपुढे पहाटे धारेला पहिली गोष्ट म्हणून चार किलो पेंड ठेवली जाते, तेव्हा रिकाम्या कोटीपोटात आम्लाची लाटच येते. आधी थोडी कोरडी वैरण आणि मग पेंड, हा क्रम पाळल्यानेही काही गोठ्यांत आठवड्यात फरक दिसला आहे. नुकत्याच व्यायलेल्या गाईचा खुराक दर दोन दिवसांनी अर्ध्या किलोपेक्षा जास्त वाढवू नये. आम्ले शोषून घेणाऱ्या कोटीपोटाच्या आतील बोटांसारख्या उंचवट्यांना पूर्ण वाढायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोपर्यंत आम्ल तयार होते, पण शोषले जात नाही.

पाणी चोवीस तास पुढे असावे, हे वेगळे सांगायला नको.

सहावी पायरी : खाण्याचा सोडा

सोडा मी मुद्दाम इतक्या उशिरा सांगत आहे. दिवसाला १०० ते १५० ग्रॅम सोडा दोन-तीन वेळच्या खुराकात विभागून दिल्यास बहुतेक मोठ्या गाईंना उपयोग होतो, विशेषतः उन्हाळ्यात, जेव्हा गाई धापतात आणि लाळ तोंडातून गळून वाया जाते. पण वैरण कमी असताना नुसता सोडा दिला, तर फॅट थोडे सावरते आणि मूळ बिघाड झाकला जातो. खुरांचे नुकसान आतून चालूच राहते. गाभण आटलेल्या गाईला व्यायच्या आधीच्या आठवड्यांत सोडा देऊ नये, कारण त्यामुळे व्यायल्यावर दुग्धज्वराचा धोका वाढतो.

येथे थांबावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे

प्रमाण, कुट्टी आणि क्रम सुधारून तीन आठवडे झाले आणि फॅट हलले नाही, तर आणखी प्रयोग करू नयेत. कोटीपोटातील द्रव काढून त्याचा सामू तपासणे हे पशुवैद्यकाचे काम आहे. हा सामू दिवसभर वरखाली होत असतो, म्हणून शेवटची पेंड किती वाजता दिली, हे त्यांना नेमके सांगावे. खुराक दिल्यानंतर दोन ते चार तासांनी घेतलेला नमुना खरे चित्र दाखवतो.

गाईच्या डाव्या भकाळीत मूठ दाबून धरावी. कोटीपोटाची हालचाल मुठीला लाटेसारखी जाणवते आणि दोन मिनिटांत ती दोन-तीनदा यायला हवी. ती एकदाही आली नाही, भकाळी फुगून टणक झाली किंवा गाईने खाणे पूर्ण सोडले, तर त्याच दिवशी डॉक्टर हवा. एकाच महिन्यात दोन-तीन गाई लंगडू लागल्या असतील, तरीही बोलवावे.

सर्वांत तातडीचा प्रसंग वेगळाच असतो. गाय दावे तोडून धान्याच्या पोत्यांवर जाते, किंवा लग्नघरातून आलेला भात, पुऱ्या आणि बुंदी कोणीतरी प्रेमाने तिच्यापुढे ओतते. तेव्हा कोटीपोटात लॅक्टिक आम्ल इतक्या वेगाने तयार होते, की सामू ५ पर्यंत किंवा त्याखाली कोसळतो, शरीरातील पाणी पोटात ओढले जाते आणि गाय एक-दोन दिवसांत दगावू शकते. डोळे खोल जाणे, आंबूस वासाचे पातळ शेण, झिंगल्यासारखी चाल आणि बसल्यावर न उठणे, ही त्याची चिन्हे आहेत. चिन्हे दिसण्याची वाट न पाहता, जास्त धान्य खाल्ले एवढे कळताच फोन करावा. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा क्रमांक आहे. डॉक्टर येईपर्यंत उरलेले धान्य समोरून काढावे, फक्त कोरडा कडबा ठेवावा आणि पाणी किती द्यायचे, ते फोनवरच विचारून घ्यावे. आडवी पडलेल्या किंवा मान न धरणाऱ्या गाईला नळीने वा बाटलीने तेल, ताक किंवा सोड्याचे पाणी पाजू नये. ते श्वासनलिकेत जाते आणि पोटातून वाचलेली गाय फुप्फुसाच्या दाहाने जाते. काय खाल्ले, अंदाजे किती किलो आणि किती वाजता, हे कागदावर लिहून गोठ्याच्या दारात ठेवावे, कारण डॉक्टर सर्वांत आधी तेच विचारतात.